पॉलिसीवरचं कर्ज पॉलिसीच गिळायला किती वर्षं लागतात? वहीत मांडून पाहण्याची रीत

खानापूर तालुक्यातले एक शेतकरी काका दोन वर्षांपूर्वी काढलेल्या कर्जाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी विमा पॉलिसीवर १,५३,००० रुपये उचलले होते. त्यानंतर एक रुपयाही भरला नव्हता, कारण कर्ज काढताना त्यांना सांगण्यात आलं होतं, "व्याज भरलं नाही तरी चालतं, शेवटी पॉलिसीतून कापून घेतात." आता शाखेत चौकशी केल्यावर देणं १,८४,२०८ रुपये निघालं. काकांना वाटलं हिशेबात चूक आहे. चूक नव्हती. सांगणाऱ्यानं खोटंही सांगितलं नव्हतं. व्याज न भरणं चालतं खरं, पण ते कुठवर चालतं आणि मुदत संपल्यावर हातात काय उरतं, हे त्यांना कुणी मांडून दाखवलं नव्हतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात असे कागद मी बरीच वर्षं पाहतो आहे. ऊस किंवा तंबाखूचे पैसे यायला उशीर झाला, घरात लग्न निघालं, दवाखाना आला, की सोनं आणि विमा पॉलिसी या दोनच गोष्टींवर दोन दिवसांत पैसे उभे राहतात. पॉलिसीवरचं कर्ज वाईट नाही. सावकारापेक्षा आणि बहुतेक वैयक्तिक कर्जांपेक्षा ते स्वस्त पडतं, जामीनदार लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पण त्याला ठरलेला मासिक हप्ता नसतो, आणि घोटाळा तिथेच होतो. हप्ता नाही म्हणजे कुणी दारात येत नाही, आणि कर्ज गुपचूप वाढत राहतं.

काकांचीच पॉलिसी घेऊन सगळा हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

कर्ज कशावर मिळतं

कर्ज विमा रकमेवर मिळत नाही आणि भरलेल्या हप्त्यांवरही मिळत नाही. ते सरेंडर व्हॅल्यूवर मिळतं, म्हणजे आज पॉलिसी मोडली तर कंपनी जी रक्कम देईल तिच्यावर. काकांची पॉलिसी ३ लाखांची, २० वर्षांची, वर्षाला सुमारे १५,००० रुपये हप्ता. बारा वर्षं त्यांनी नेमानं हप्ते भरले आणि मग थांबले. पुरेसे हप्ते भरून मग थांबलं तर पॉलिसी बुडत नाही, ती पेड-अप होते. वीसपैकी बारा हप्ते भरले, म्हणून ३ लाखांची विमा रक्कम त्याच प्रमाणात उतरून १,८०,००० झाली. तोवर जमा झालेला बोनस १,५१,२०० रुपये. दोन्ही मिळून ३,३१,२००. ही रक्कम मुदत संपल्यावर किंवा त्याआधी काकांचं बरंवाईट झाल्यास मिळायची. पुढे बोनस लागत नाही, म्हणून हा आकडा आता इथेच थांबला.

पण हे पैसे आणखी आठ वर्षांनी मिळणार. आज हवे असतील तर कंपनी त्या रकमेला एका अंशानं गुणते. मुदत संपायला जितकी जास्त वर्षं बाकी, तितका हा अंश लहान. काकांना शाखेतून सरेंडर व्हॅल्यू १,८०,००० मिळाली. एलआयसीच्या जुन्या पारंपरिक योजनांत चालू पॉलिसीवर साधारण ९० टक्के आणि पेड-अप पॉलिसीवर ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. नव्या योजनांत हे प्रमाण वेगळं, काहींत बरंच कमी असतं, म्हणून आपल्या बॉण्डमधलं कर्जाचं कलम वाचा. १,८०,००० चे ८५ टक्के म्हणजे १,५३,०००. काकांनी ते पूर्ण उचलले.

मुदत विम्यात, म्हणजे फक्त मृत्यूनंतरच पैसे देणाऱ्या पॉलिसीत, सरेंडर व्हॅल्यू नसते, म्हणून तिच्यावर कर्जही नाही. बाजाराशी जोडलेल्या युलिपवरही हे कर्ज मिळत नाही.

अर्ज करताना

सगळ्यात आधी पॉलिसी कुठल्या शाखेत आहे ते पाहा. आपल्या सीमाभागात ही नेहमीची अडचण आहे. राहायला हुक्केरी किंवा निपाणीकडे, पण पॉलिसी काढली गडहिंग्लजच्या मामाच्या ओळखीच्या एजंटाकडे, म्हणजे पॉलिसी कोल्हापूर विभागात आणि तुम्ही बेळगाव विभागात. कर्जाचं काम पॉलिसीच्या मूळ शाखेतून होतं. घाई नसेल तर आधी साधा अर्ज करून पॉलिसी जवळच्या शाखेत बदलून घ्या. पुढे व्याज भरणं, पत्ता बदलणं, मुदतीनंतर पैसे घेणं, सगळंच त्यानं सोपं होतं. घाई असेल तर मूळ शाखेत जाऊन एका खेपेत काम उरकावं.

जाताना मूळ बॉण्ड, कर्जाचा अर्ज, आधार, पॅन, शेवटच्या हप्त्याची पावती आणि नाव छापलेला रद्द केलेला चेक किंवा पासबुकाची प्रत न्या. बॉण्डवरचं नाव आणि बँक खात्यातलं नाव जुळतं का, ते घरीच तपासा. कर्नाटकात काढलेल्या आधारवर किंवा खात्यावर नावाआधी अद्याक्षर येतं, तर जुन्या बॉण्डवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं मराठी पद्धतीनं असतं. तेवढ्या फरकानंही पैसे परत फिरतात आणि आठवडा जातो. सही मराठीत आणि फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मजकूर समजावून सांगितल्याचं निवेदन त्यावर असतं. तिथे सही करण्याआधी खरंच समजावून घ्या, विशेषतः व्याजाचा दर आणि पहिलं व्याज कधी भरायचं ती तारीख.

कर्ज मिळताना पॉलिसी कंपनीच्या नावे असाइन होते आणि बॉण्ड कंपनीकडे राहतो. बायकोचं वारसदार म्हणून असलेलं नाव गेलं का, असं बरेच जण विचारतात. नाही. कर्जासाठी विमा कंपनीलाच असाइनमेंट केली तर नामांकन रद्द होत नाही. वारसाला कर्ज आणि व्याज वजा करून उरलेली रक्कम मिळते. कर्ज फिटल्यावर पॉलिसी परत आपल्या नावे करून बॉण्ड मागून घ्यायचा, हे मात्र लोक विसरतात.

व्याज कसं चढतं

पॉलिसीवरच्या कर्जाचा दर अलीकडच्या वर्षांत साधारण साडेनऊ ते साडेदहा टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. तुमचा नेमका दर मंजुरीच्या पत्रात असतो. काकांचा दर साडेनऊ टक्के. व्याज सहामाही, म्हणजे दर सहा महिन्यांनी ४.७५ टक्के. सहा महिन्यांच्या आत कर्ज फेडलं तरी एलआयसी किमान सहा महिन्यांचं व्याज घेते, म्हणून पंधरा दिवसांच्या गरजेसाठी हे कर्ज काढू नये.

व्याजाच्या तारखा पॉलिसीच्या तारखेवरून ठरतात, कर्जाच्या तारखेवरून नाही. पॉलिसी २८ मार्चची असेल तर व्याज साधारण २८ मार्च आणि २८ सप्टेंबरला देय होतं. कर्ज जूनमध्ये घेतलं तरी पहिलं व्याज सप्टेंबरला, तेवढ्या दिवसांचं. उसाचं बिल हिवाळ्यात येतं आणि सप्टेंबरमध्ये हातात काही नसतं, म्हणून सप्टेंबरचं व्याज मार्चमध्येच बाजूला काढून ठेवणारे शेतकरी मी पाहिलेत. तारीख चुकली तर न भरलेलं व्याज मुद्दलात मिळतं आणि पुढच्या सहामाहीत त्याच्यावरही व्याज लागतं. त्यामुळे सांगायला साडेनऊ असलेला दर न भरणाऱ्याला वर्षाला सुमारे ९.७३ टक्के पडतो.

काकांचं देणं काही न भरता असं चढलं:

| कर्ज घेतल्यानंतर | एकूण देणं |
|---|---|
| सुरुवातीला | १,५३,००० |
| ६ महिने | १,६०,२६८ |
| १ वर्ष | १,६७,८८० |
| दीड वर्ष | १,७५,८५४ |
| २ वर्षं | १,८४,२०८ |
| ३ वर्षं | २,०२,१२३ |
| ४ वर्षं | २,२१,७८१ |

हा तक्ता घरीच करता येतो. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आधीच्या रकमेला १.०४७५ ने गुणत जायचं आणि प्रत्येक सहामाहीचं उत्तर वहीत लिहायचं. दर दहा टक्के असेल तर १.०५ ने गुणायचं.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवतो. निपाणीकडच्या एका ताईंनी मला विचारलं होतं, "प्रीमियम तर बँकेतून कापून जातोय की वो, मग व्याज कसलं?" प्रीमियम वेगळा आणि कर्जाचं व्याज वेगळं. बँकेतून आपोआप जातो तो फक्त प्रीमियम. व्याज शाखेत किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः भरावं लागतं, आणि भरताना कर्जाचं व्याज किंवा कर्जफेड असाच पर्याय निवडावा लागतो.

देणं किमतीला कधी गाठतं

इथे दोन गाड्या एका रस्त्यावर धावताहेत असं समजा. पुढे सरेंडर व्हॅल्यू, मागे कर्ज. कर्जाचा वेग ठरलेला आहे, वर्षाला ९.७३ टक्के. पुढच्या गाडीचा वेग किती, यावर सगळं अवलंबून आहे. लोक फक्त कर्जाचा दर विचारतात आणि दुसरा आकडा कुणी विचारत नाही.

सगळ्यात वाईट धरून चाललो, म्हणजे सरेंडर व्हॅल्यू १,८०,००० वरच थांबली असं मानलं, तर तक्त्यावरून दिसतं की दीड वर्षापर्यंत देणं खाली आहे आणि दोन वर्षांत वर जातं. मोबाईलवर स्प्रेडशीट असेल तर हेच एका ओळीत निघतं:

```
=NPER(4.75%, 0, -153000, 180000)
```

उत्तर सुमारे 3.5 येतं, म्हणजे साडेतीन सहामाह्या. यापेक्षा लवकर संकट येत नाही, एवढी खात्री यातून मिळते.

प्रत्यक्षात पेड-अप पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यूही वाढते, कारण मुदत जवळ येते तसा तो अंश मोठा होतो. तिचा सरासरी वेग काढायला दोनच आकडे लागतात: आजची सरेंडर व्हॅल्यू आणि मुदतीला मिळणारी रक्कम. काकांचे १,८०,००० आठ वर्षांत ३,३१,२०० व्हायचे आहेत. हा वेग वर्षाला सुमारे ७.९ टक्के पडतो. कर्ज ९.७३ नं धावतंय आणि पॉलिसी ७.९ नं. अंतर रोज थोडं कमी होतंय, पण फार हळू. आठ वर्षं काही न भरता काढली तर मुदतीच्या दिवशी देणं सुमारे ३,२१,५०० होईल आणि मिळणारे ३,३१,२००. म्हणजे पॉलिसी तांत्रिकदृष्ट्या वाचली, पण बारा वर्षांच्या हप्त्यांचे शेवटी दहा हजारही हातात येत नाहीत. दर साडेनऊऐवजी दहा असता तर देणं ३,३४,००० च्या जवळ गेलं असतं आणि शेवटच्या वर्षात पॉलिसीच्या किमतीवर चढलं असतं. अर्ध्या टक्क्याचा एवढा फरक लोकांना सांगितला की ते गप्प होतात.

सरासरी वेग म्हणजे प्रत्येक वर्षीचा वेग नव्हे. सरेंडरचे अंश कंपनीच्या तक्त्यातून येतात, ते बदलू शकतात, आणि एखाद्या वर्षी वाढ ७.९ ऐवजी ५ टक्केच दिसू शकते. वेग कायम ५ च राहिला तर काकांचं देणं चौथ्या वर्षात किमतीला ओलांडतं. म्हणून अंदाज करून थांबू नका. दरवर्षी पॉलिसीच्या तारखेनंतर शाखेतून त्या दिवशीची सरेंडर व्हॅल्यू आणि त्या दिवशीचं एकूण देणं, असे दोनच आकडे लेखी घ्या आणि वहीत शेजारी शेजारी लिहा. दोन वर्षांचे आकडे जमले की तुमच्याच पॉलिसीचा खरा वेग कळतो. किमतीच्या ९५ टक्क्यांवर देणं गेलं तर तो धोक्याचा आकडा समजा.

हप्ते चालू असतील तर गणित पालटतं

हीच पॉलिसी चालू असती, म्हणजे तेरावा हप्ताही भरला असता, तर चित्र अगदी वेगळं असतं. त्याच अंशांनी हिशेब केला तर वर्षभरात सरेंडर व्हॅल्यू १,८०,००० वरून सुमारे २,१०,००० झाली असती. चालू पॉलिसीवर ९० टक्के, म्हणजे १,६२,००० कर्ज काढलं असतं तरी व्याज न भरता ते वर्षाअखेर १,७७,७५५ झालं असतं. अंतर १८,००० वरून ३२,००० वर गेलं असतं. हप्ते भरत राहिलं तर कर्ज पॉलिसीला गाठत नाही, उलट मागे पडतं.

खरी माणसं अडकतात ती इथे: चालू पॉलिसीवर ९० टक्के कर्ज काढायचं आणि मग पैशांच्या ओढीत हप्ताही बंद करायचा. पॉलिसीचा वेग एकदम कमी होतो, कर्जाचा तोच राहतो, आणि दोघांतलं अंतर आधीच दहा टक्क्यांचं आहे, पंधराचं नाही. त्यात नियमही बदलतो. सध्याच्या नियमांनुसार हप्ते चालू असलेली किंवा सगळे हप्ते भरून झालेली पॉलिसी केवळ कर्ज जास्त झालं म्हणून कंपनी बंद करत नाही. मधेच थांबलेली पॉलिसी मात्र देणं सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं की बंद करण्याचा कंपनीला हक्क आहे. विम्याच्या भाषेत याला फोरक्लोजर म्हणतात. कर्ज वजा करून काही उरलं तर ते मिळतं, पण त्या वेळेपर्यंत उरलेलं बहुधा नगण्य असतं, आणि विमा कवचही त्याच दिवशी संपतं.

म्हणून एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर आधी हप्ता भरा, व्याज नंतर. काकांच्या पॉलिसीत १५,००० च्या हप्त्यानं सरेंडर व्हॅल्यूत सुमारे १६,००० ची भर पडली असती आणि पॉलिसी चालू राहिली असती. पॉलिसी बंद पडून फार काळ झाला नसेल तर ती थकीत हप्ते भरून पुन्हा चालू करता येते का, हेही शाखेत विचारा. नव्या योजनांत त्यासाठी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून ५ वर्षांपर्यंत मुदत असते.

देणं जवळ येतंय असं दिसलं तर

नोटीसची वाट पाहू नका. पत्ता जुना असेल तर ती पोचतच नाही. लग्नानंतर चिकोडीहून बेळगावला आलेल्या कितीतरी मुलींच्या पॉलिसीवर अजून माहेरचा पत्ता आहे. कर्ज घेताना पत्ता आणि मोबाईल नंबर दोन्ही नवे करून घ्या.

पूर्ण कर्ज एकदम फेडावं लागतं, हा समज चुकीचा आहे. थोडी रक्कमही भरता येते. ती आधी व्याजात जाते आणि उरलेली मुद्दलात. म्हणून व्याजाच्या तारखेला किंवा तिच्या लगेच आधी भरलेली रक्कम जास्त उपयोगी पडते. मुद्दल फेडणं जमत नसेल तर निदान सहामाही व्याज भरा. काकांसाठी ते सुरुवातीला ७,२६८ रुपये होतं. तेवढं भरलं असतं तर देणं १,५३,००० वरच थांबलं असतं.

भरणं शक्यच नसेल आणि पॉलिसी पेड-अप असेल, तर पॉलिसी मोडून टाकणं बरं का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. याचं उत्तर घरातल्या गरजेवर आहे. काकांना कर्ज घेतल्यानंतर वर्षभरात काही झालं असतं तर वारसाला ३,३१,२०० वजा १,६७,८८०, म्हणजे १,६३,३२० मिळाले असते. मोडून हातात आणखी २७,००० पडले असते, पण हे कवच गेलं असतं. दुसरा कुठलाही विमा नसलेल्या पन्नाशीच्या माणसाला मी मोडायला सांगणार नाही. कुटुंब मुलांच्या पगारावर चालत असेल आणि व्याज कधीच भरलं जाणार नाही हे स्पष्ट असेल, तर मोडणं शहाणपणाचं.

काकांनी मोडली नाही. दुसऱ्या वर्षाअखेर त्यांनी शाखेतून घेतलेली सरेंडर व्हॅल्यू २,०९,६०० होती, म्हणजे अंतर २७,००० वरून २५,४०० वर आलं होतं. वेगाचा हिशेब बरोबर निघाला होता. उसाच्या बिलातून त्यांनी त्या वेळी ३०,००० भरले आणि देणं १,५४,२०८ वर आणलं. आता दर मार्च आणि सप्टेंबरला ७,३२५ रुपये व्याज भरायचं ठरलं आहे. सहा वर्षांनी मुदत संपेल तेव्हा सुमारे १,७७,००० रुपये मिळतील. वहीच्या पहिल्या पानावर पॉलिसीची तारीख, सहामाहीच्या दोन तारखा आणि दोन आकड्यांचे रकाने त्यांच्या मुलीनं आखून दिले आहेत. सप्टेंबरची पहिली पावती तिथेच टाचलेली आहे.